डिझेल खरंच चोरलं, की ग्राफच चुकला?

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "ट्रकमधलं डिझेल चोरीला गेलं हे मोबाइलवर कसं कळतं?" आज तेच सांगतो. पण सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, कारण त्या चुकीमुळे एका ड्रायव्हरचा भत्ता कापला गेला होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या सिस्टिमचा कोड लिहीत होतो, ती एका मालकाच्या चाळीस ट्रकांवर बसवली होती. त्यातला एक ट्रक कोल्हापूरच्या शिरोलीतून कास्टिंग भरून चाकणला निघालेला. रात्री सव्वादोनला मालकाच्या फोनवर अलर्ट गेला: इंजिन बंद, गाडी उभी, टाकीतून १७ लिटर कमी. जागा, साताऱ्याच्या पुढचा एक ढाबा. डिझेल चोरीचं अगदी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण वाटावं असं. मालकाने सकाळी फोनवरच ड्रायव्हरला सुनावलं आणि सुमारे दीड हजार रुपये कापले. ड्रायव्हर एकच सांगत होता, "मालक, टाकीचं झाकणसुद्धा उघडलं नाही मी."

आता आधी हे बघू की टाकीत किती डिझेल आहे हे यंत्राला कळतं कसं.

टाकीला वरून भोक पाडून एक उभी दांडी सोडतात. ही दांडी म्हणजेच सेन्सर. ती टाकीच्या खोलीएवढी कापून घेतात. दांडी किती सेंटिमीटर डिझेलमध्ये बुडाली आहे, एवढंच तिला कळतं. लिटर तिला कळत नाहीत! ते आपण शिकवतो. टाकी रिकामी करायची, मोजून २० लिटर ओतायचे, रीडिंग लिहायचं, परत २० लिटर ओतायचे, असं टाकी भरेपर्यंत. याला कॅलिब्रेशन म्हणतात. हे काम अर्धा दिवस खातं, म्हणून बसवणारे लोक कधीकधी दुसऱ्या ट्रकचा तक्ता तसाच चिकटवतात. तसं केलं की पुढचा प्रत्येक आकडा संशयास्पद.

कॅलिब्रेशन बरोबर असलं तरी ते सपाट जमिनीवर केलेलं असतं, आणि आमचा घोळ इथेच झाला.

एक हिशोब करू. समजा टाकी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ५० उंच आहे, म्हणजे ३६० लिटरची. यात डिझेलची पातळी १ सेंटिमीटर बदलली की ७.२ लिटर. आता सेन्सर टाकीच्या बरोबर मधोमध नसून ४० सेंटिमीटर पुढे बसवलाय, कारण मध्ये जागाच नव्हती. गाडी चढाला तोंड करून ६ टक्के उतारावर उभी राहिली, म्हणजे १०० सेंटिमीटरला ६ सेंटिमीटर चढ. डिझेल मागे सरकणार आणि सेन्सरपाशी पातळी २.४ सेंटिमीटर खाली जाणार. गुणा ७.२ ने: साधारण १७ लिटर! टाकीतून थेंब गेलेला नाही, पण ग्राफवर १७ लिटर गायब.

त्या ढाब्याच्या पार्किंगला हायवेवरून वर जाणारा चढ होता, आणि ट्रक त्या चढावरच उभा केलेला.

तुम्ही म्हणाल, मग डिझेल गाडी चढावर जाताना कमी दिसायला हवं, इंजिन बंद झाल्यावर कसं? मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि उत्तर माझ्याच कोडमध्ये सापडलं. चालत्या गाडीत डिझेल सारखं हिंदकळतं. रीडिंग कधी १० लिटर वर, कधी १० खाली. म्हणून आम्ही मागच्या दहा मिनिटांची रीडिंग्ज घेऊन त्यातलं मधलं दाखवायचो. ग्राफ छान सरळ दिसतो. पण त्यामुळे खरी घट जवळपास पाच मिनिटं उशिरा दिसते. तेवढ्यात ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं. म्हणून सिस्टिमला वाटलं, उभ्या गाडीतून डिझेल गेलं.

मग मी न गाळलेला, कच्चा डेटा उघडला. त्यात सगळं स्पष्ट होतं. घट झाली तेव्हा गाडी ताशी ६ किलोमीटरने सरकत होती आणि घट वीसेक सेकंदांत पूर्ण झाली. चालत्या गाडीतून वीस सेकंदांत १७ लिटर कोण काढणार? आणि दुसरा पुरावा सकाळचा. आधी टाकीत २१२ लिटर, उभी असताना १९५. पाच-चाळीसला गाडी निघाली, सहा किलोमीटर सपाट रस्त्यावर गेली आणि आकडा २१०! चोरलेलं डिझेल परत येत नाही, मंडळी.

मालकाला दोन्ही ग्राफ दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे मी त्याला उगाच बोललो." पैसे पुढच्या ट्रिपला परत दिले. मी ड्रायव्हरना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "ठीक आहे साहेब, पण पुढच्या वेळी आधी मला विचारा."

मग खरी चोरी कशी दिसते? त्याच मालकाच्या दुसऱ्या ट्रकमध्ये महिन्याभराने ती दिसली. गाडी ठरलेल्या रस्त्यावरून दोन किलोमीटर आत वळली. इंजिन बंद झालं. सहा मिनिटं आकडा स्थिर राहिला, मग मिनिटाला दोन-तीन लिटर असा एकसारखा उतरत ४० लिटर कमी झाला. पाइपने डिझेल काढलं की असाच तिरका उतार दिसतो. गाडी सपाट रस्त्याला लागल्यावरही आकडा वर आला नाही. इथे रस्ता सोडणं हा जोडपुरावा झाला. नुसतं रस्ता सोडणं मात्र पुरावा नाही. ट्रॅफिक जॅम, पंक्चर, जेवण, काहीही असू शकतं.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. घट दिसली की लगेच "चोरी" म्हणायचं नाही, "तपासा" म्हणायचं. गाडी उभी राहण्याआधीचं सपाटावरचं रीडिंग आणि निघाल्यावर काही किलोमीटरनंतरचं रीडिंग, या दोघांत फरक राहिला तरच चोरीचा अलर्ट. अलर्ट थोडा उशिरा येतो, पण खोटा क्वचित येतो.

असाच घोळ आयडलिंगमध्येही होतो. आयडलिंग म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू. मोठा ट्रक यात तासाला साधारण दोन-तीन लिटर डिझेल जाळतो. पण बरीच यंत्रं फक्त चावी चालू आहे का ते बघतात. ड्रायव्हर चावी लावून पंखा चालवत झोपला, तरी रिपोर्टमध्ये चार तास आयडलिंग! सोपा उपाय म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज बघणं. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असेल तर ते २७-२८ च्या आसपास असतं, बंद असेल तर २५ च्या आसपास किंवा खाली.

आणि एक चोरी या ग्राफमध्ये पकडता येत नाही. इंजिनकडून टाकीत परतणाऱ्या नळीतून चालत्या गाडीत थोडं थोडं डिझेल काढतात. ग्राफवर उडी दिसतच नाही, फक्त ॲव्हरेज पडतं. त्यासाठी त्याच गाडीच्या, त्याच रस्त्याच्या, तेवढ्याच मालाच्या आधीच्या ट्रिप्स शेजारी ठेवून बघाव्या लागतात. त्यातही एकदा ॲव्हरेज पडलं तर आधी टायरची हवा, एअर फिल्टर बघा. ड्रायव्हरचं नाव त्यानंतर.

तुमच्या घरी कोणी ट्रक चालवत असेल आणि असा अलर्ट आला, तर दोनच प्रश्न विचारा. गाडी कुठे उभी होती, सपाटावर की चढावर? आणि निघाल्यावर आकडा परत आला का? भेटू पुढच्या भागात!