आधी नजर, मग हात

मजकुरावरून व्हिडिओ बनवणाऱ्या एआय साधनाला ‘चहा गाळणाऱ्या बाईच्या नजरेतून दिसणारं दृश्य’ एवढंच सांगितलं, तर पुष्कळदा पडद्यावर ती बाईच येते. कधी समोरून, कधी खांद्यामागून. वाक्यात बाई आली की साधन ती दाखवायला जातं. म्हणून अशा प्रॉम्प्टमध्ये पात्राचं वर्णन करूच नये. कॅमेरा कुठे आहे ते आधी सांगावं: माझ्या डोळ्यांच्या जागी, ओट्यासमोर उभी, मान खाली झुकलेली.

मग हात. नुसतं ‘हात दिसतात’ म्हटलं की ते कुठूनही येतात, कधी समोरूनही, जणू पलीकडे कुणी बसलंय. स्वतःचे हात आपल्याला नेहमी खालून आत आलेले दिसतात, म्हणून चौकटीचा कोपरा नाव घेऊन सांगायचा. हाताचं कोपरापर्यंतचं लांबट रूप, बाही, बांगड्या यांचा उल्लेख केला की तो हात अंगाला जोडलेला वाटतो. आणि प्रत्येक हाताला एकेक काम द्यायचं. उजव्यात सांडशी, डाव्यात गाळणी. मोकळ्या हाताचं काय करायचं हे साधनाला ठाऊक नसतं. तो मध्येच नाहीसा होतो, नाहीतर तिसरा हात उगवतो.

खरी गोम मात्र डोक्याच्या हालचालीत आहे. जिवंतपणा यावा म्हणून अनेक जण ‘कॅमेरा हलता ठेव’ असं लिहितात. त्यातून मिळते ती हातात कॅमेरा धरलेल्या माणसाची थरथर, आणि मग पाहणाऱ्याला वाटतं की इथे कुणीतरी चित्रीकरण करतंय. आपलं डोकं चालताना, वाकताना बरंच हलतं, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या इशाऱ्यावर डोळे उलट दिशेला फिरतात आणि दृश्य स्थिर राहतं. कॅमेऱ्याला ही सोय नाही. म्हणून हालचाल मागायची ती थोडी आणि सकारण.

कारण कुठून आणायचं? मायकेल लँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये चहा करणाऱ्या माणसांची नजर मोजली होती. नजर वस्तूवर पोहोचते आणि हात तिच्यापाठोपाठ सुमारे अर्ध्या सेकंदाने जातो, असं त्यात दिसलं. हाच क्रम प्रॉम्प्टमध्ये लिहायचा: आधी डोकं वळतं, थांबतं, मग हात पोहोचतो. दोन्ही एकदम हलले की दृश्य खोटं वाटतं, आणि का ते पाहणाऱ्याला सांगताही येत नाही. अगदी शेजारशेजारच्या वस्तूंसाठी मात्र डोकं वळवू नये. तिथे आपली नुसती बुबुळंच फिरतात.

चहाचा पूरा प्रॉम्प्ट असा होईल: ‘एकच सलग शॉट. कॅमेरा माझ्या डोळ्यांच्या जागी; मी ओट्यासमोर उभी, मान खाली. खालच्या उजव्या कोपऱ्यातून माझा उजवा हात, सांडशीने चहाचं पातेलं धरलेला. खालच्या डाव्या कोपऱ्यातून डावा हात, काचेच्या कपावर गाळणी धरलेला. नजर पातेल्यावर. डोकं हळूच डावीकडे कपाकडे वळतं आणि थांबतं. त्यानंतर पातेलं कपापर्यंत येऊन कलतं. चहा पडताना डोकं जवळपास स्थिर. कप भरत आल्यावर मान किंचित पुढे झुकते.’ पाच ते दहा सेकंदांच्या तुकड्यात एवढं पुरे. यापुढे साखर ढवळणं घुसडलं की साधन घाई करतं आणि पहिली कृतीच बिघडवतं. ‘थरथर नको’ असा नकारही लिहू नये. त्यातली थरथरच उचलली जाण्याची भीती असते. ‘डोकं स्थिर’ हे सरळ विधान बरं.

तयार तुकडा तपासताना तो संथ करून अंगठे पाहा. आपले दोन्ही तळवे खाली करून समोर धरले, तर अंगठे एकमेकांकडे असतात. व्हिडिओत ते बाहेर वळलेले दिसले, तर डावा-उजवा हात उलटलाय. मग चौकटीची कड पाहा. ओटा एकसारख्या वेगाने जवळ सरकत असेल, तर डोकं मानेवर वळण्याऐवजी कॅमेरा रुळावरून चाललाय. अशा वेळी ‘पाय जागचे हलत नाहीत’ हे वाक्य घालावं. एका वेळी एकच वाक्य बदलावं, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

सांडशीची पकड मात्र शब्दांनी सहसा साधत नाही. ती कातरीसारखी होते किंवा पातेल्यात वितळते. तेव्हा फोन डोळ्यांच्या उंचीवर दुसऱ्या कुणाला धरायला सांगून, आपल्या हातात सांडशी, पातेलं, गाळणी असताना एक फोटो काढावा आणि तोच पहिली चौकट म्हणून द्यावा. पुष्कळ साधनांत ही सोय आहे. मग हातांचं वर्णन गाळून प्रॉम्प्टमध्ये फक्त क्रम उरतो: डोकं, थांबा, हात.