न्यूयॉर्कला दहा की नऊ?

रिसालीच्या टाउनशिपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले आई-वडील भिलाईत आणि मुलं न्यू जर्सीत, लंडनला किंवा सिडनीत, अशी मराठी घरं इथे ओळखीची आहेत. समजा, अशा घरांसाठी इथल्या एखाद्या मंडळाने रविवारी, १ नोव्हेंबर २०२६ ला संध्याकाळी साडेसात वाजता वेबिनार ठेवला. विषय: उतारवयातला मधुमेह. नोंदणीसाठी इन्स्टाग्रामवर चार-पाच कार्डांचं कॅरोसेल करायचं आहे.

कार्डं बनवणारा ऑक्टोबरच्या मध्यावर फोनच्या जागतिक घड्याळात बघतो. न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे दिसतं, म्हणून तो ‘सकाळी १०’ लिहून टाकतो. पण घड्याळ दाखवतं ते त्या दिवसाचं अंतर. अमेरिकेत उन्हाळी वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते, म्हणजे नेमक्या १ तारखेच्या पहाटे. अंतर साडेदहा तास होतं आणि कार्यक्रम तिथल्या नऊ वाजता सुरू होतो. दहाला जोडले जाणारे येतील तेव्हा डॉक्टरांचं बोलणं संपलेलं असेल. ब्रिटनमध्ये हाच बदल आठवडाभर आधी, २५ ऑक्टोबरला होतो. त्यामुळे लंडनची वेळ तीन नव्हे, दुपारी दोन. सिडनीत मात्र तेव्हा सोमवारचा रात्रीचा एक वाजलेला असतो, म्हणून तिथे वेळेबरोबर वार आणि तारीखही लिहावी लागते. वेळ बदलणाऱ्या संकेतस्थळात आजची नव्हे, कार्यक्रमाची तारीख घालून पाहिलं की हा घोळ टळतो.

‘IST’ एवढंच लिहू नये. आयर्लंड आणि इस्राएलमध्येही हीच अक्षरं वापरतात. ‘भारतीय वेळ’ लिहावं, आणि तेही पहिल्याच कार्डावर, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जातं ते बहुतेक वेळा पहिल्या कार्डाचंच चित्र. मजकुरातली लिंक इन्स्टाग्रामवर दाबता येत नाही, त्यामुळे ती प्रोफाइलमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेशात द्यावी.

कार्यक्रमपत्रिका घड्याळाच्या वेळेत लिहिली तर परदेशातल्याला ओळीओळीला हिशेब करावा लागतो. त्यापेक्षा ‘पहिली २० मिनिटं औषधं, पुढची १५ आहार, शेवटची २५ प्रश्न’ असं लिहावं. कुठेही बसून वाचा, अर्थ तोच राहतो.

वक्त्याच्या कार्डावर ‘सुप्रसिद्ध’ लिहून काही कळत नाही. पदवी, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि मधुमेहाचे रुग्ण किती वर्षं तपासत आहेत, एवढं पुरे. औषध कंपनीचं प्रायोजकत्व असेल तर तेही तिथेच, त्याच अक्षरांत.

सगळ्यांना सोयीची वेळ मात्र सापडत नाही. सकाळी नऊला ठेवलं तर सिडनीत दुपारचे अडीच, कॅलिफोर्नियात शनिवारच्या रात्रीचे साडेआठ, पण लंडनला पहाटेचे साडेतीन. कोणत्या गावातली मुलं जास्त आहेत हे नोंदणी अर्जातच विचारून वेळ ठरवावी आणि उरलेल्यांना रेकॉर्डिंग किती दिवस पाहता येईल, ते कार्डावर तारखेसह द्यावं.