टिकलीखालचा स्क्रू

आमच्या पुण्याच्या घरातला शॉवरचा नळ पूर्ण बंद केला तरी टपटपत होता. आतला वायसर गेला होता हे उघड होतं. पण वायसरपर्यंत पोचायचं तर आधी नळाची मूठ काढायला हवी, आणि मुठीवर स्क्रू कुठेच दिसेना. दिसत होती ती फक्त मधोमध बसवलेली निळी टिकली, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी. स्क्रू तिच्याच खाली असतो.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला, नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाकलं आणि मोरीच्या जाळीवर फडकं टाकलं. हे फडकं विसरू नये, कारण सुटलेला स्क्रू हमखास जाळीकडेच घरंगळतो. मग टिकलीच्या कडेवरून नख फिरवलं. एका जागी नख अडकलं. तिथे बारीक खाच होती. तीत पातळ सुरीचं टोक घालून हलकेच उचकटलं, तशी टिकली सुटली. खाच सापडली नाही तर जोर करू नये. काही टिकल्यांना आटे असतात, त्या रबरी हातमोज्याने दाबून उलट्या फिरवल्या की निघतात.

स्क्रू सहज निघाला. मूठ मात्र हलेना, आणि खरं काम इथून पुढे असतं.

मूठ स्पिंडलवर, म्हणजे नळाच्या आतून बाहेर आलेल्या पितळी दांड्यावर बसते. दांड्याला उभे बारीक दाते असतात, मुठीच्या आत त्यांना जुळणाऱ्या खाचा असतात. अशा चकचकीत मुठी बऱ्याचदा वरून क्रोम चढवलेल्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. टिकलीच्या फटीतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं. पितळ आणि जस्त ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की जस्त गंजतं आणि त्याची पांढरी भुकटी दात्यांत भरते. त्यात आमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्याचे क्षारही तिथेच साठले होते. स्क्रू काढल्यावर भोकात टॉर्च मारला तर दात्यांभोवती चुन्यासारखं पांढरं कडं दिसलं. असं कडं दिसलं की समजावं, मूठ आता नुसती ओढून निघणार नाही.

अशा वेळी हात हातोडीकडे किंवा मोठ्या स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. मुठीखाली एका बाजूने पातं घालून उचकटावंसं वाटतं. ते करू नका. एका बाजूने जोर लावला की दांडा वाकतो, आणि नळ भिंतीत गाडलेला असेल तर वाकलेल्या दांड्यापायी पुढे टाइल फोडायची पाळी येऊ शकते. जोर नेहमी सरळ, दांड्याच्या रेषेतच लागला पाहिजे.

मी भोकात व्हिनेगरचे थेंब सोडले, वीस मिनिटं थांबलो आणि धुऊन टाकलं. व्हिनेगर क्षार विरघळवतं, पण जस्तालाही खातं, म्हणून रात्रभर ठेवायचं नाही. मग गरम पाण्यात बुडवलेलं फडकं मुठीला गुंडाळलं. मिश्रधातूची मूठ उष्णतेने पितळापेक्षा जास्त फुगते, त्यामुळे तिची पकड किंचित सैल होते. मूठ प्लॅस्टिकची असेल तर मात्र उकळतं पाणी टाळावं. नळ अर्धा उघडा ठेवून मूठ डावीउजवीकडे थोडी थोडी हलवली. नळ पूर्ण बंद असताना असा जोर दिला तर तो आतल्या भागांवर येतो.

तरीही मूठ निघाली नाही, तेव्हा सुती कापडाची लांब पट्टी मुठीमागून घातली, दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढे आणली आणि दोन्ही हातांनी सारख्याच जोराने सरळ ओढली. तिसऱ्या ओढीला ‘टक्’ असा आवाज आला. पकड सुटल्याची ती खूण. त्यानंतर मूठ सहज हातात आली. पट्टीनेही जमलं नसतं तर हार्डवेअरच्या दुकानातून छोटा पुलर आणला असता. त्याचे दोन पाय मुठीमागे अडकवतात आणि मधला स्क्रू दांड्यावर दाबतात. पण त्याआधी मुठीचा मूळ स्क्रू परत दोनतीन आटे बसवावा आणि पुलरचं टोक त्याच्या डोक्यावर टेकवावं, म्हणजे दांड्यातले आटे खराब होत नाहीत. पुलर अर्धी फेरी आवळायचा, थोडं थांबायचं, मुठीवर लाकडाने हलकं ठोकायचं आणि मग पुन्हा अर्धी फेरी. यानेही नाही हलली तर मूठच करवतीने जपून कापावी. मूठ नवी मिळते. मात्र दुकानात जाताना दांड्याचे दाते मोजून न्यावेत, नाहीतर नवी मूठ बसत नाही.

वायसर बदलल्यावर दात्यांतली भुकटी जुन्या टूथब्रशने घासून काढली आणि दात्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर दिला. व्हॅसलिन लावू नये, आतल्या रबराला ते चालेलच असं नाही. मूठ बसवून स्क्रू आवळला आणि टिकली दाबली. खाच खालच्या बाजूला ठेवली, म्हणजे शॉवरचं पाणी वरून तीत शिरत नाही.