सेमेलवाइसचे हात

ज्ञान, बुद्धी आणि शहाणपण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात 1847 साली त्या तिन्ही एकाच माणसाच्या बाबतीत वेगळ्या झालेल्या दिसतात. तिथे दोन प्रसूतिकक्ष होते. सुइणींच्या कक्षापेक्षा डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या कक्षात बाळंतिणी कितीतरी जास्त दगावत. शवविच्छेदन करताना बोटाला सुरी लागून कोलेच्का हे प्राध्यापक वारले आणि त्यांच्या शरीरात बाळंतिणींसारख्याच खुणा सापडल्या. प्रेतांवरचे काहीतरी आपल्याच हातांनी बाळंतिणींपर्यंत जाते, हे तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी ताडले. ही बुद्धी. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि एप्रिलमध्ये शंभरात अठरा असलेले मृत्यू जूनमध्ये दोनवर आले. ते ‘काहीतरी’ म्हणजे जंतू, हे ज्ञान मात्र पुढच्या काही दशकांत पक्के झाले.

कुणी म्हणेल, मृत्यू थांबवले, आणखी शहाणपण ते कोणते? हात धुवायला लावणे शहाणपणाचेच होते; पुरावा हाती असताना कारणाच्या पूर्ण उलगड्याची वाट त्यांनी पाहिली नाही. पण आपल्या शोधावर ग्रंथ लिहायला त्यांनी 1861 उजाडू दिले आणि तो शोध नाकारणाऱ्या विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी ठरवले. विरोधकांचा अहंकार खराच होता, तो काही सेमेलवाइस यांच्या हातात नव्हता. वेळेवर आणि समोरच्याला ऐकवेल अशा भाषेत लिहिणे मात्र होते.