सहकाऱ्याशी खटका उडाला, तेव्हा आपण काय केलेत?

नोकरीच्या मुलाखतीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो: ‘एखाद्या सहकाऱ्याशी आपला खटका उडाला, असा प्रसंग सांगा. तेव्हा आपण काय केलेत?’ उमेदवार बिचकतो. खरे सांगावे तर आपण भांडखोर ठरू, अशी भीती त्याला वाटते. मग तो म्हणतो, ‘छे हो, माझे सगळ्यांशीच चांगले पटते.’ हे उत्तर विचारणाऱ्याच्या काही उपयोगाचे नसते. चार माणसे एका ठिकाणी काम करतात म्हणजे मतभेद हे व्हायचेच. ते झाल्यावर हा माणूस कसा वागतो, हे त्याला पाहावयाचे असते.

या प्रश्नामागे एक विचार आहे. माणूस पुढे कसा वागेल हे त्याच्या मतांवरून कळत नाही, ते तो पूर्वी प्रत्यक्ष कसा वागला यावरून अधिक कळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनागन यांनी 1954 साली अशा निर्णायक प्रसंगांच्या अभ्यासाची पद्धत मांडली. पुढे 1970 च्या दशकात डेव्हलपमेंट डायमेन्शन्स इंटरनॅशनल या अमेरिकेतील संस्थेने मुलाखतीसाठी ‘स्टार’ ही चौकट रूढ केली. सिच्युएशन, टास्क, ॲक्शन आणि रिझल्ट या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. आपण त्यांना प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम म्हणू.

ही चौकट पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. अडचण येते ती भांडणाची गोष्ट तीत बसवताना. एक उदाहरण घेऊ. एक मुलगी कारखान्याच्या हिशेब विभागात आहे. विक्री विभागातल्या एका गृहस्थांशी तिचे बिलांवरून वाजले होते. मुलाखतीत ती पहिल्या झटक्याला असे सांगते:

‘विक्री विभागातले एक जण बिलांच्या प्रती कधीच वेळेवर देत नसत. मी किती वेळा सांगितलं! एकदा तर सगळ्यांसमोर ते माझ्यावर ओरडले. शेवटी साहेबांच्या कानावर घालावं लागलं. मग ते सुधारले.’

यात खोटे काही नाही. पण ऐकणाऱ्याच्या हाती काय लागले? समोरचा माणूस वाईट होता, एवढेच. प्रती वेळेवर न मिळाल्याने काय अडत होते, ते कळले नाही. गृहस्थ उशीर का करीत होते, तेही कळले नाही. आणि भांडण मिटवले कुणी? साहेबांनी! म्हणजे बाईंची स्वतःची कृती काय, ती जागा रिकामीच राहिली. आता तोच प्रसंग चौकटीत घालून पाहू:

‘मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात होते. विक्री विभागातले एक सहकारी महिन्याच्या बिलांच्या प्रती पुढच्या महिन्याच्या नऊ-दहा तारखेला एकदम आणून देत, आणि त्यावरून एकदा आमची सर्वांसमोर बोलाचाली झाली. जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र अकरा तारखेच्या आत भरणं ही माझी जबाबदारी होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एकटं गाठलं आणि प्रती कशासाठी अडतात, ते विचारलं. ते म्हणाले, माल पोचल्याची गिऱ्हाइकाची सही आल्याशिवाय मी प्रत देत नाही. माल परत आला तर तुम्हीच मला दोष देता. त्यांचं म्हणणं मला पटलं. मी सुचवलं की, दर शनिवारी सगळ्या प्रती द्या, आणि ज्यांवर सही यायची आहे त्यांची यादी वेगळी जोडा. परत आलेल्या मालाच्या नोंदी मी नंतर करीन. यादीचा नमुना मी स्वतः करून दिला आणि पहिले दोन शनिवार त्यांच्या टेबलाशी बसून तो भरून घेतला. पुढचे तीन महिने विवरणपत्र नऊ तारखेलाच तयार झालं. तीन-चार प्रती अजूनही उशिरा येत, पण कोणत्या येणार हे आधी ठाऊक असे.’

प्रसंग दोन वाक्यांत आटोपला. जबाबदारीला एकच वाक्य लागले, पण त्या वाक्याने भांडण ‘तू-मी’वरून कामावर आले, अकरा तारखेचा दंडक कळल्यावर बाईंचा त्रागा ऐकणाऱ्याला समजतो. सर्वांत जास्त जागा कृतीला मिळाली. संपूर्ण उत्तर दीड-दोन मिनिटांचे असावे आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ कृतीला द्यावा. घड्याळ लावून एकदा मोठ्याने बोलून पाहा. एक मिनिट उलटले तरी ‘ते असे म्हणाले, मग मी तसे म्हणाले’ हेच चालू असेल, तर आपण अजून प्रसंगातच अडकलो आहोत असे समजावे.

कृतीत दुसऱ्याचे कारण आले, याकडेही लक्ष द्या. भांडणाच्या प्रश्नाचा प्राण इथेच आहे. कसलेला मुलाखतकार मध्येच विचारतो, ‘त्यांचं म्हणणं काय होतं?’ त्यावर उमेदवार गप्प झाला, तर याने समोरच्याला कधी विचारलेच नाही हे उघड होते. म्हणून तयारी करताना एक कसोटी लावावी: तो सहकारी शेजारच्या खोलीत बसून हे उत्तर ऐकत असता, तर ‘घडले ते असेच’ असे तो म्हणाला असता का?

मराठी माणसाला आणखी एक अडचण येते. ‘मी केले’ म्हणणे आपल्याला आढ्यतेचे वाटते. म्हणून आपण ‘आम्ही ठरवले’, ‘तोडगा काढण्यात आला’ असे बोलतो. घरात ही विनयशीलता शोभते, मुलाखतीत मात्र तिच्यामुळे कर्ताच नाहीसा होतो. सगळ्यांनी मिळून केलेल्या गोष्टीला ‘आम्ही’ जरूर म्हणावे. पण विचारले कुणी, नमुना केला कुणी, तिथे ‘मी’ हवाच.

परिणामात ‘आता आम्ही जिवलग मित्र आहोत’ असा गोड शेवट करू नये. काम किती सुधारले ते मोजून सांगावे आणि जे राहिले तेही सांगावे. त्या तीन-चार उशिराच्या प्रतींमुळे बाकीच्या उत्तरावर विश्वास बसतो.

प्रसंग निवडताना मात्र जपावे. चोरी, छळ किंवा खोट्या नोंदी यांची प्रकरणे या प्रश्नासाठी नव्हेत. तिथे वरिष्ठांकडे जाणे हेच योग्य असते, आणि दोघांनी बसून मिटवण्यासारखे त्यात काही नसते. उलट, चहाच्या कपावरून झालेली कुरबुर फारच किरकोळ. ज्यात दोघांचेही म्हणणे कामापुरते रास्त होते, असा मतभेद घ्यावा. नोकरीचा अनुभव नसेल, तर महाविद्यालयातील प्रकल्पाचा किंवा स्नेहसंमेलनाचा प्रसंगही चालतो.

या चौकटीला मर्यादाही आहे. ‘असे झाले तर काय कराल?’ असा कल्पित प्रश्न आला, तर आधी आपण काय करू ते सरळ सांगावे आणि मग घडलेला प्रसंग आधाराला द्यावा. आणि प्रसंग रचलेला असेल, तर चौकट त्याला वाचवू शकत नाही. ‘यादीत रकाने कोणते होते?’ एवढा एक साधा प्रश्न आला, की ज्याने यादी केली तो लगेच सांगतो. ज्याने केली नाही, तो छताकडे पाहू लागतो.