दहा गुणांचं उत्तर: आधी आकृती, मग मजकूर

‘दुधाच्या एचटीएसटी पाश्चरायझेशनचे आकृतीसह वर्णन करा.’ अन्नतंत्रज्ञानाच्या पेपरात अशा प्रश्नाला दहा गुण असतात. बरेच विद्यार्थी दोन पानं सलग लिहितात आणि शेवटी घाईत आकृती काढतात. क्रम उलटा ठेवावा.

पहिलं शीर्षक ‘व्याख्या व उद्देश’. इथे दोन-तीन ओळी पुरतात: दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद ठेवून रोगजंतू मारणं आणि लगेच थंड करणं.

दुसरं ‘आकृती’. पेन्सिलीनं अर्धं पान घ्या. बॅलन्स टँक, रीजनरेटर, गाळणी, तापन विभाग, होल्डिंग ट्यूब, फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह आणि शीतन विभाग दाखवा. नावं एका बाजूला, आडव्या रेषांनी जोडलेली. दुधाची दिशा बाणांनी.

नेहमीची चूक व्हॉल्व्हच्या जागेची. तो होल्डिंग ट्यूबच्या शेवटी हवा. तिथे तापमान कमी आढळलं, तर दूध बॅलन्स टँककडे परत जातं. व्हॉल्व्ह ट्यूबच्या आधी दाखवला, तर ट्यूबमध्ये थंडावलेलं दूध कोण अडवणार? परतीचा बाण नसेल, तर व्हॉल्व्हचं कामच दिसत नाही.

तिसरं ‘कार्यपद्धती’: आकृतीतल्या क्रमानं, प्रत्येक भागाला एक-दोन वाक्यं. रीजनरेटरमध्ये गरम दूध थंड दुधाला उष्णता देतं, म्हणून इंधन वाचतं, हे कारण लिहाच.

शेवटी ‘तपासणी’: फॉस्फटेज चाचणी निगेटिव्ह आली, तर पाश्चरायझेशन पुरेसं झालं.