प्लॅगरिझम चेकरच्या आधी तुमचे कान: ड्राफ्ट नोट्सशेजारी ठेवून मोठ्याने वाचा

प्रोजेक्ट रिपोर्ट किंवा सेमिनारचा पेपर सबमिट करायच्या आदल्या रात्री कॉलेजच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो, 'किती टक्के आलं?' टक्का जास्त आला की लाल-पिवळ्या रंगाने रंगलेली पानं बघून मुलं म्हणतात, 'पण मी कॉपी केलंच नाही!' बऱ्याचदा ते खरंही असतं. मुद्दाम कॉपी केलेलं नसतं, तरी वाक्य कुठल्यातरी वेबसाइटवरच्या वाक्याशी शब्दाला शब्द जुळतं. असं नकळत जुळलेलं वाक्य सॉफ्टवेअरच्या आधी आपलं आपल्याला कसं पकडता येईल, ते आज बघू. त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही. तुमचा ड्राफ्ट, तुमच्या नोट्स आणि तुमचा आवाज एवढं पुरतं.

आधी सॉफ्टवेअर काय करतं ते थोडक्यात. टर्निटिन, ड्रिलबिट यांसारख्या टूल्सना अर्थ चोरलाय की नाही याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ती मुख्यतः शब्दांची माळ बघतात. तुमच्या मजकुराचे काही सलग शब्दांचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा एक आकडा बनवायचा आणि तोच आकडा त्यांच्याकडच्या कोट्यवधी पानांत कुठे सापडतो का ते शोधायचं, अशी साधारण कल्पना. कोडिंगच्या असाइनमेंट तपासणारं मॉस नावाचं टूल ज्या 'विनोइंग' पद्धतीवर चालतं, तिच्यावरचा पेपर २००३ सालचा आहे आणि त्याचा गाभा हाच आहे. मधला एखादा शब्द बदलला तर त्या शब्दाला शिवणारे तुकडे बदलतात, पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे तुकडे तसेच जुळत राहतात. म्हणूनच एका शब्दाच्या जागी समानार्थी शब्द टाकून काही साधत नाही.

आता नकळत जुळतं कसं? दोष जवळजवळ नेहमी नोट्समध्ये असतो. फोनवर वाचताना आवडलेली ओळ आपण कॉपी करून नोट्स ॲपमध्ये टाकतो. खाली स्वतःचं एक वाक्य लिहितो. त्याच्याखाली पुन्हा एक पेस्ट. तीन आठवड्यांनी ती फाइल उघडली की सगळे शब्द एकाच फॉन्टमध्ये, एकाच रंगात दिसतात. कुठलं वाक्य वेबसाइटचं आणि कुठलं आपलं हे आठवत नाही. माणसाला माहिती लक्षात राहते, पण ती कुठून आली हे त्यामानाने लवकर पुसलं जातं. मग दोन शब्द इकडेतिकडे करून ते वाक्य 'आपलं' म्हणून ड्राफ्टमध्ये जातं.

मनात वाचताना हे का सापडत नाही, तर डोळे ओळखीचा मजकूर उडी मारून पुढे जातात. तोंडाला तशी उडी मारता येत नाही. प्रत्येक शब्द उच्चारावा लागतो आणि आपण ज्या पद्धतीने बोलत नाही ते वाक्य जिभेवर वेगळं लागतं. लेखभर 'झालं', 'दिसतं' असं लिहिणारा माणूस मध्येच 'निदर्शनास आले आहे' म्हणतो, तेव्हा कान टवकारलेच पाहिजेत.

दोन फेऱ्या, दोन वेगळी कामं

पहिल्या फेरीत नोट्स बंद ठेवा. फक्त ड्राफ्ट मोठ्याने वाचा आणि जिथे आवाज बदलतो तिथे कडेला पेन्सिलने एक रेघ मारा. काही दुरुस्त करायला थांबू नका. रेघ कुठे मारायची? जिथे अचानक खूप सफाईदार, वर्तमानपत्री वाक्य येतं तिथे. जिथे श्वास पुरत नाही तिथे. जिथे असा शब्द येतो जो तुम्ही मित्राशी बोलताना कधीच वापरणार नाही. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द धरले तर तीन हजार शब्दांच्या रिपोर्टला पंचवीस मिनिटं लागतात. होस्टेलच्या खोलीत लाज वाटत असेल तर गच्चीवर जा. पुटपुटत वाचलं तर मात्र अर्धा फायदा जातो.

दुसरी फेरी नोट्स शेजारी ठेवून. अँड्रॉइडवर स्प्लिट स्क्रीन करता येते, पण छोट्या स्क्रीनवर दोन्हीकडे चार-चार ओळीच दिसतात आणि वैताग येतो. ड्राफ्टची प्रिंट काढा किंवा तो लॅपटॉपवर उघडा आणि नोट्स फोनवर ठेवा, हे जास्त सोपं जातं. आता रेघ मारलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायचं, लगेच त्याच्याशी संबंधित नोट मोठ्याने वाचायची. मध्ये थांबायचं नाही. दोन्ही वाक्यं एकाच चालीत म्हटली गेली तर ती जुळलेली आहेत, मग शब्द थोडे वेगळे का असेनात.

एक उदाहरण घेऊ. लोणार सरोवरावर रिपोर्ट लिहिणाऱ्या एका मुलीच्या नोट्समध्ये हे वाक्य आहे असं समजा (वाक्य मी फक्त दाखवण्यासाठी बनवलंय):

'जून २०२० मध्ये पाण्याची पातळी घटल्याने क्षारता वाढली आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या झपाट्याने वाढल्यामुळे सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले.'

आणि तिच्या ड्राफ्टमध्ये हे:

'जून २०२० मध्ये पाण्याची पातळी कमी झाल्याने क्षारता वाढली आणि गुलाबी रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या झपाट्याने वाढल्यामुळे तलावाचे पाणी गुलाबी झाले.'

मनात वाचलं तर तिला वाटतं, बदललंय की! 'घटल्याने'चं 'कमी झाल्याने' केलं, 'तयार'चं 'निर्माण', 'सरोवर'चं 'तलाव'. आता दोन्ही पाठोपाठ मोठ्याने वाचा. चाल एकच आहे. बोट ठेवून मोजलं तर नोटमधल्या बावीस शब्दांपैकी सतरा शब्द ड्राफ्टमध्ये त्याच क्रमाने आलेत, आणि त्यातले पंधरा तर पाच-पाच शब्दांच्या तीन सलग तुकड्यांत. सॉफ्टवेअर असे तुकडे जोडून पूर्ण वाक्यच रंगवण्याची शक्यता मोठी.

इथे बरेच जण पुन्हा शब्द बदलायला बसतात. तसं करू नका, कारण तुम्ही जुन्या वाक्याच्याच सांगाड्यावर नवे कपडे चढवताय. नोट बंद करा आणि तीच गोष्ट शेजारी बसलेल्या भावाला सांगताय असं समजून तोंडाने सांगा. जसं बोललात तसं टाइप करा, हवं तर फोनच्या व्हॉइस टायपिंगने. त्या मुलीचं बोलणं कदाचित असं येईल:

'लोणारचं तळं गुलाबी झालं त्याचं कारण मिठात आहे. पाणी आटलं, पण त्यातलं मीठ तिथेच राहिलं, म्हणून उरलेलं पाणी आणखी खारट झालं. अशा पाण्यात हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव फोफावतात आणि गुलाबी रंग त्यांचा असतो. हे जून २०२० मधलं.'

यात एक गंमत बघा. बोलताना तिला 'पातळी घटल्याने क्षारता वाढली' याचा अर्थ खरोखर उलगडून सांगावा लागला. अर्थ कळला नसता तर ती इथेच अडखळली असती, आणि मग वाक्य बदलण्याऐवजी विषय पुन्हा वाचायची गरज आहे हे कळलं असतं. आता नोट पुन्हा उघडून तारीख, नावं आणि आकडे तपासायचे. रिपोर्टची भाषा हवी असेल तर 'झालं'चं 'झाले' शेवटी करता येतं. आणि हो, शब्द तुमचे झाले तरी माहिती दुसऱ्याची आहे. संदर्भ द्यायचाच. मूळ वाक्यच हवं असेल तर सरळ अवतरणचिन्हात घाला आणि स्रोत लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

काय बदलायचं नाही

उत्साहात सगळंच बदलायला गेलात तर रिपोर्ट बिघडतो. 'भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण' हे संस्थेचं नाव आहे, ते जुळणारच. सूत्रं, कायद्यांची नावं, तांत्रिक संज्ञा यांना पर्याय शोधू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतही संदर्भसूची, ऋणनिर्देश, योग्य श्रेय दिलेली अवतरणं, प्रमाणित समीकरणं वगैरे तपासणीतून वगळायला सांगितलं आहे, आणि योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही. याच नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यावर मात्र टप्प्याटप्प्याने कारवाई आहे. पण चौदा हा आकडा ढाल म्हणून वापरू नका. वरच्या उदाहरणात एकही तुकडा पाचच्या वर नव्हता, तरी वाक्य उसनंच होतं. गाइडने दोन्ही कागद शेजारी ठेवले तर त्यांना ते एका मिनिटात दिसेल.

माझा स्वतःचा अंगठेनियम असा: नावं आणि संज्ञा सोडून पाच-सहा शब्द त्याच क्रमाने आले की थांबायचं. शंका आली तर त्यातले तीन कमी वापरले जाणारे शब्द फोनवर नोट्सच्या सर्चमध्ये टाकायचे. 'संख्या झपाट्याने वाढल्यामुळे' टाकलं की मूळ ओळ लगेच समोर येते.

इंग्रजी लेख वाचून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ही पद्धत जास्तच उपयोगी आहे. भाषा बदलली की शब्दांची माळ जुळत नाही, त्यामुळे बरीच टूल्स असं भाषांतर सोडून देतात. कानाला मात्र ते खटकतं, कारण वाक्याची ठेवण इंग्रजीच राहिलेली असते.

फोनला वाचायला लावलं तर चालेल का, असा प्रश्न मला हमखास येतो. अँड्रॉइडमधलं 'सिलेक्ट टू स्पीक' टायपो आणि गळलेले शब्द पकडायला छान आहे. पण मशीन तुमचं वाक्य आणि विकिपीडियाचं वाक्य एकाच सुरात वाचतं, आणि आपण तर सूर बदलतो कुठे तेच शोधतोय. या कामाला स्वतःचंच तोंड लागतं.

एक मर्यादा आहे. जे नोट्समध्ये नाहीच ते दुसऱ्या फेरीत सापडणार नाही. बसमध्ये वाचलेला लेख, यूट्यूबवर ऐकलेलं वाक्य, सिनियरचा जुना रिपोर्ट, यांची नोंद नसेल तर शेजारी ठेवायला काहीच नसतं. अशा वेळी पहिल्या फेरीतली रेघ तेवढी मदतीला येते. रेघ आहे, पण नोट्समध्ये काही जुळत नाही, असं वाक्य आलं की ते अवतरणचिन्हात टाकून गूगलवर शोधा. आणि पुढच्या रिपोर्टपासून नोट्स ॲपमध्ये पेस्ट केलेल्या प्रत्येक ओळीच्या आधी 'पे:' असं टाइप करायची सवय लावा, शेजारी लिंक. एक अक्षर आणि एक विसर्गासारखं चिन्ह, पण तीन आठवड्यांनी तुमचं वाक्य कुठलं ते लगेच कळतं.